एक चूक, एक बरोबर

सहावीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर दोन जोड्या लिहिल्या. पहिली ४.६३ आणि ४.८, दुसरी ०.३ आणि ०.४७. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या वहीत लिहायची, शेजारी डोकवायचं नाही आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. खोडरबर दप्तरात गेले. बाई बाकांमधून फिरल्या, वह्या नुसत्या पाहिल्या, खूण कुठंच केली नाही.

बऱ्याच जणांचं एक उत्तर चुकलं होतं, एक बरोबर होतं. चाचणी असती तर सगळ्यांना दोनपैकी एक गुण मिळाला असता आणि विषय तिथंच मिटला असता. पण कुणाची पहिली जोडी चुकली होती आणि कुणाची दुसरी, आणि खरी गोष्ट तिथंच होती.

“४.६३ मोठी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. लाजू नका, मला तुमचीच गरज आहे,” बाई म्हणाल्या. हात हळूहळू वर आले. कारण विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “बाई, त्रेसष्ट आठापेक्षा मोठेच की.” मग ०.३ मोठी म्हणणाऱ्या मुलीची पाळी. ती म्हणाली, “दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, तुम्हीच सांगितलंय.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

“दोघांच्याही डोक्यात एकेक नियम आहे,” त्यांनी सांगितलं. “हा म्हणतो, जास्त आकडे तर संख्या मोठी. ही म्हणते, कमी आकडे तर मोठी. आता गंमत बघा. याच्या नियमानं दुसरी जोडी बरोबर येते, हिच्या नियमानं पहिली. मी फक्त बरोबर उत्तरं पाहिली असती, तर दोघांनाही येतं असंच समजले असते. कुणाला काय समजावायचं, ते मला तुमच्या चुकलेल्या उत्तरानं सांगितलं. म्हणून खोडू नका म्हटलं.”

एवढंच भाषण. पण त्यामागची तयारी जोड्या निवडण्यात होती. ४.२ आणि ४.६३ अशी जोडी दिली असती, तर आकडे मोजणारा मुलगा आणि खरोखर समजलेला मुलगा एकच उत्तर देऊन मोकळे झाले असते. वेगवेगळे गैरसमज वेगवेगळ्या उत्तरांवर जाऊन पोहोचतील असा प्रश्न असला, तरच चूक काही सांगते. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी याच धर्तीच्या तुलनेच्या जोड्या वापरून मुलांच्या दशांशाविषयीच्या समजुतींचा अभ्यास केला. ‘लांब ती मोठी’ आणि ‘आखूड ती मोठी’ हे त्यांतले दोन ठळक प्रकार.

मुलीचा नियम मला जास्त रोचक वाटला, कारण तो अर्धा खरा आहे. एक दशांश एका शतांशापेक्षा मोठाच. पण ३ दशांश म्हणजे ३० शतांश आणि समोर ४७ आहेत. तुकडा केवढा हे तिनं पाहिलं, तुकडे किती हे पाहायचं राहिलं. मुलाच्या बाबतीत उलट.

मागच्या बाकावरून क्रिकेट आलं. “बाई, ओव्हरमध्ये ४.५ नंतर एक बॉल टाकला की ५ होतात. ४.८ असतंच कुठं?” शंका रास्त होती. षटकांच्या हिशेबातला तो ठिपका म्हणजे दशांश चिन्ह नव्हेच, पूर्ण षटकं आणि वरचे चेंडू वेगळे दाखवायची ती खूण आहे. तिथं ठिपक्यानंतरचे आकडे सुटी संख्या म्हणूनच वाचायचे असतात, आणि ‘त्रेसष्ट आठापेक्षा मोठे’ म्हणणारा मुलगा नेमकं तेच करत होता.

सगळ्या चुका मात्र अशा बोलक्या नसतात. एकानं फळ्यावरून ४.३६ उतरवून घेतलं होतं. त्यातून फार तर तो घाईत होता एवढं कळतं. एकाच जोडीवरून निदानही करता येत नाही, कारण दोनच पर्याय असल्यावर अंदाजानंही निम्म्या वेळा बरोबर येतं.

“शून्य लावा बाई, ४.८० करा, झालं,” असं एकीनं सुचवलं. ते बरोबर होतं, तरी बाईंनी ते लगेच फळ्यावर घेतलं नाही. ८० आणि ६३ समोर आले की आकडे मोजणाऱ्या मुलाचंही उत्तर बरोबर येतं आणि त्याची समजूत आहे तशीच राहते. त्याऐवजी आलेखाचे कागद वाटले. शंभर घरांचा चौकोन आखायचा, ०.८ साठी दहा-दहा घरांच्या आठ पट्ट्या रंगवायच्या, ०.६३ साठी त्रेसष्ट घरं. पट्ट्या रंगवताना मुलगा मध्येच थांबला आणि घरं मोजू लागला. मुलीला ०.३ आणि ०.४७ रंगवायला दिलं.

तास संपता संपता बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात उद्याची जोडी लिहिली: ०.०८ आणि ०.२. पट्ट्या पटल्या नसतील तर मुलगा पुन्हा आठालाच मोठं म्हणेल. मुलीचं मात्र आखूड बघूनही बरोबर येईल, म्हणून तिच्यासाठी खाली आणखी एक जोडी होती: ०.५ आणि ०.७३६.