भाव उतरवण्याआधीचा हिशेब

अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरी बनवलेली धुण्याची पावडर सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. हिंदुस्थान लिव्हरच्या ‘सर्फ’पेक्षा त्यांची ‘निर्मा’ कितीतरी स्वस्त होती. पुढे ती देशभर पोचली आणि सर्फची गिऱ्हाइकं तिच्याकडे वळू लागली.

लिव्हरने निर्माच्या भावाला उतरायचं नाकारलं. १९८०च्या दशकात टीव्हीवर ‘ललिताजी’ आल्या. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतकं काम करतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे किलोचा भाव बघू नका, धुण्यामागे किती खर्च येतो ते बघा. ज्यांना हा हिशेब पटणारच नव्हता, अशांसाठी त्याच दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने ‘व्हील’ ही वेगळी, स्वस्त पावडर काढली. निर्माशी भावाची झुंज व्हीलने घेतली आणि सर्फचा भाव त्यातून बाजूला राहिला.

छोट्या दुकानदारालाही हा विचार करता येतो. समोरच्याचा भाव टिपताना आधी वजन तपासावं, कारण ९०० ग्रॅमचं पाकीट किलोच्या पाकिटाशेजारी उगाच स्वस्त दिसतं. माल खरोखर शिल्लक आहे का आणि तो भाव पुढच्या आठवड्यातही टिकतो का, हेही पाहावं. दोन दिवसांची ‘ऑफर’ असेल तर तिच्यामागे धावण्यात अर्थ नसतो.

भाव खरोखर उतरला असेल तर आकडेमोड करावी. समजा, शंभर रुपयांच्या वस्तूत वीस रुपये सुटतात, महिन्याला शंभर नग खपतात आणि समोरच्याने तीच वस्तू ९५ला लावली. बरोबरी केली आणि सगळी गिऱ्हाइकं टिकली, तर नफा दोन हजारांवरून दीड हजारांवर येतो. भाव शंभरच ठेवला आणि खप पंचवीस नगांनी घटला, तरी दीड हजारच सुटतात. तेव्हा पंचविसांपेक्षा कमी खप तुटणार असेल, तर भाव धरून ठेवणं फायद्याचं. मात्र तुटलेलं गिऱ्हाईक जाताना तेल, साखर, डाळीची खरेदीही सोबत नेत असेल, तर ते नुकसानही यात धरायला हवं.

बरोबरी करावीच लागते असेही प्रसंग येतात. मार्च २००४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘एरियल’ आणि ‘टाइड’चे भाव झपाट्याने उतरवले. हा प्रतिस्पर्धी निर्मासारखा नव्हता. एरियल दर्जात सर्फ एक्सेलच्या तोडीचं, त्यामुळे ‘आमचं जास्त पुरतं’ हा मुद्दा इथे चालण्यासारखा नव्हता. लिव्हरनेही लगेच भाव खाली आणले. त्या वर्षी कंपनीचा नफा चांगलाच घसरला आणि भावाची ही लढाई त्याचं एक मोठं कारण ठरली.