कार्डावरची शेवटची ओळ

निरोपाचं कार्ड बहुतेक ऑफिसांत एकाच पद्धतीने भरतं. मोठ्या पाकिटात घातलेलं कार्ड टेबलाटेबलावरून फिरतं, ज्याचा निरोप आहे त्याची नजर चुकवून. पहिल्याने ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं, की खालचे दहाजण तेच लिहून सही करतात. कार्ड हातात पडल्यावर त्यातून कोण काय म्हणालं ते कळत नाही, नुसती हजेरी कळते.

शेवटची ओळ निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: माणूस कशासाठी चालला आहे आणि लिहिणाऱ्याचं त्याच्याशी नातं काय आहे. आपल्याकडच्या जुन्या पत्रव्यवहारात हे नातं शेवटाला स्पष्ट दिसे. पेशवाईतल्या पत्रांत वडीलधारी व्यक्ती धाकट्याला ‘हे आशीर्वाद’ म्हणून थांबे, तर इतरांना ‘लोभ असो दीजे, हे विनंती’ असं लिहिलं जाई. कार्डावर तो मायना नको, पण तो विवेक हवा. पंचविशीतल्या कारकुनाने निवृत्त होणाऱ्या साहेबांना ‘यशस्वी व्हा’ म्हणणं विचित्र दिसतं. ‘तब्येत छान राहो, आणि आमच्यावर लक्ष असू द्या’ हे त्याच्या तोंडी शोभतं.

निवृत्तीच्या कार्डात आणखी एक चूक होते. राज्य सरकारी सेवेतले बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्या वयात अनेकांचे पुढचे बेत ठरलेले असतात: शेती, नातवंडं, राहून गेलेलं गाणं. अशा माणसाला ‘आता भरपूर आराम करा’ लिहिलं, तर त्याचं सगळं संपल्यासारखं वाटतं. बेत ठाऊक असेल तर शुभेच्छा त्यालाच द्यावी: ‘यंदा बागेतला पहिला आंबा तुमच्या हातचा खायचाय.’

उलट, कुणाची नोकरी गेली असेल किंवा आजारपणामुळे सोडावी लागली असेल, तर ‘नव्या सुरुवातीला शुभेच्छा’ ही ओळ टोचते. तिथे आभार बरे. ‘मार्चअखेरीच्या त्या आठवड्यात तुम्ही थांबलात म्हणून काम पार पडलं, ते विसरणार नाही’ यात त्या माणसाची किंमत आहे आणि भविष्याबद्दलचा खोटा उत्साह नाही.

सर्वांत अवघड असतं ते आमंत्रण. ‘संपर्कात राहा’, ‘कधीतरी या’ हे मनापासून लिहिलेलं असलं, तरी सगळा भार जाणाऱ्यावर पडतो. नव्या जागी रुळताना जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा तो त्यानेच. शिवाय ‘कधीतरी’ म्हणजे नेमकं कधी, हे कळत नसल्याने संकोच होतो.

एक उदाहरण घेऊ. रत्नागिरीतल्या एका बँक शाखेतल्या अधिकारी बाईंची नागपूरला बदली झाली आहे. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, त्यामुळे गणपतीला त्या येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्ज विभागातल्या तरुणाने आधी लिहिलं, ‘मॅडम, टचमध्ये राहा.’ यात तो स्वतः काय करणार, ते नाही. मग त्याने बदल केला: ‘मॅडम, गणपतीला गावी आलात की शाखेत या.’ आता प्रसंग आणि जागा दोन्ही आले, पण पहिलं पाऊल अजून बाईंचंच आहे. तिसऱ्यांदा तो लिहितो: ‘मॅडम, गणपतीला आलात की शाखेत चहा ठरलेला. चतुर्थीच्या आधी मीच फोन करतो.’ आता बाईंना काहीच आठवणीत ठेवावं लागत नाही.

पण ही ओळ लिहायची ती फोन करणार असेल त्यानेच. फारशी ओळख नसलेल्या सहकाऱ्याने ओढूनताणून घरी बोलावण्यापेक्षा ‘नागपूरची शाखा तुम्हाला मानवो’ एवढी साधी शुभेच्छा द्यावी. आमंत्रण नाही म्हणून ती उणी ठरत नाही. रोज शेजारी डबा उघडणारी मैत्रीण मात्र मोकळेपणाने लिहू शकते: ‘दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतेय, तुझ्याकडेच उतरणार.’

जागेचंही भान लागतं. वीसजणांच्या कार्डात प्रत्येकाच्या वाट्याला दोन बोटं जागा येते, तेव्हा एकच गोष्ट निवडावी: शुभेच्छा, आभार किंवा आमंत्रण. तिन्ही कोंबली की अक्षर बारीक होतं आणि शेजाऱ्याची सही झाकली जाते. लांब लिहायचं असेल तर वेगळी चिठ्ठी पाकिटात घालावी.

सही वाचता येईल अशी करावी. ऑफिसात एकाच नावाचे दोघे असतील तर आडनाव किंवा विभाग जोडावा. कंपनीचा ईमेल बहुधा नोकरी सुटताच बंद होतो, त्यामुळे ज्याला खरंच बोलणं चालू ठेवायचं आहे त्याने स्वतःचा मोबाइल नंबर द्यावा. पण कार्ड सगळे वाचतात, म्हणून तो पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेला बरा.