ठेवायला दहा डॉलर, काढायला किती?

जुन्या कामाच्या फाइली क्लाउडवर टाकायच्या ठरल्या की टीम आधी एकच दर पाहते: जीबीमागे महिन्याचं भाडं. अ‍ॅमेझॉनच्या ‘एस३ ग्लेशियर डीप आर्काइव्ह’मध्ये ते फारच कमी आहे. व्हर्जिनिया केंद्रात जीबीला महिना ०.०००९९ डॉलर. समजा, एका फोटोग्राफी टीमकडे १०,००० जीबी फोटो आहेत. भाडं झालं ९.९० डॉलर. इथेच बहुतेकांचा हिशोब संपतो आणि बिल वेगळंच येतं.

आता समजा, ग्राहकांच्या मागणीमुळे दर महिन्याला ३०० जीबी फोटो बाहेर काढावे लागतात. बारा तासांच्या आत मिळणाऱ्या ‘स्टँडर्ड’ पद्धतीने ते काढायला जीबीमागे ०.०२ डॉलर, म्हणजे ६ डॉलर पडतात. अठ्ठेचाळीस तास थांबायची तयारी असेल, तर ‘बल्क’ पद्धतीत हेच काम ७५ सेंटमध्ये होतं. काढलेली प्रत आठवडाभर साध्या एस३मध्ये राहिली, तर तिचं भाडं साधारण १.६० डॉलर. खरा खर्च मात्र पुढे आहे. तो डेटा इंटरनेटवरून ऑफिसच्या संगणकावर उतरवायला महिन्याचे पहिले १०० जीबी सोडून जीबीमागे ०.०९ डॉलर लागतात. उरलेल्या २०० जीबीचे १८ डॉलर झाले. महिन्याची बेरीज ३५ डॉलरच्या पुढे जाते आणि त्यातले निम्मे नुसत्या वाहतुकीचे.

विनंत्यांचा आकार प्रत्येक फाइलमागे लागतो. हे १०,००० जीबी म्हणजे ५ एमबीचे २० लाख फोटो असतील, तर ते चढवतानाच हजारामागे ०.०५ डॉलरने १०० डॉलर जातात. महिन्याला त्यातले ६०,००० काढायला आणखी ६ डॉलर. फोटो आधी १ जीबीच्या टार फाइलींत बांधले, तर चढवण्याचा खर्च ५० सेंटवर येतो. पण मग एक फोटो हवा असला तरी अख्खा गठ्ठा काढावा लागतो. म्हणून गठ्ठे एकेका ग्राहकाच्या कामाप्रमाणे बांधावेत. आणि १८० दिवसांच्या आत काही पुसलं, तरी उरलेल्या दिवसांचं भाडं भरावंच लागतं.

सगळा संग्रह एकदम परत आणायचा झाला, तर वाहतुकीचेच ८९१ डॉलर होतात. म्हणजे साडेसात वर्षांचं भाडं एका फटक्यात. मुंबई केंद्रात दर वेगळे, पण हिशोबाची रीत हीच. म्हणून अंदाज बांधताना सुरुवात ‘किती ठेवायचं’ इथून न करता ‘महिन्याला किती बाहेर काढतो’ इथून करावी. तो आकडा आधीच्या बिलांत `DataTransfer-Out-Bytes` या ओळीत सापडतो. मागच्या सहा महिन्यांतला सर्वांत मोठा आकडा धरला, म्हणजे बजेट तोकडं पडण्याची भीती कमी.