तुपाचा चमचा आणि १८ फ्रेम

जेवणाच्या टेबलावर आई, बाबा आणि मुलगा. मुलगा मुलाखत देऊन आलाय, खुशीत आहे. आईच्या हातात तुपाचा चमचा, तो मुलाच्या भातावर येऊन थांबलेला. बाबा विचारतात, "पगार किती म्हणाले?" मुलगा म्हणतो, "पगार नाहीये. पण एक्सपोजर देणार आहेत." चमचा तसाच मागे जातो आणि तूप पुन्हा भांड्यात. बाबा म्हणतात, "वरण तरी वाढ गं त्याला."

कागदावर हा विनोद चार ओळींचा आहे. पडद्यावर तो जेमतेम अकरा सेकंदांचा. पुण्यातल्या एका दहा बाय दहाच्या एडिटिंगच्या खोलीत हे अकरा सेकंद जुळताना मी पाहिले, त्याला दुपारचे साडेतीन तास लागले. संकलन करणाऱ्या बाईंना तिथे सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दिग्दर्शक पंचविशीचा, मागच्या गादीवर मांडी घालून बसलेला. स्किट यूट्यूबसाठीचं, पावणेतीन मिनिटांचं.

ताईंनी आधी मला पहिली जुळणी दाखवली. दिग्दर्शकाने ती स्वतःच रात्री घरी बसून केली होती. तिच्यात मुलगा पूर्ण वाक्य बोलतो. मग बाबांचा क्लोजअप, भुवया वर. मग आईचा क्लोजअप, ओठ घट्ट. मग चमच्याचा वेगळा शॉट. सगळं दिसतं, सगळं कळतं आणि हसू काही येत नाही. "तीन वेळा सांगितलंय ना एकच," ताई म्हणाल्या. बाबांची प्रतिक्रिया, आईची प्रतिक्रिया आणि चमचा हे तिन्ही एकच गोष्ट सांगतात. पहिल्या क्लोजअपमध्ये प्रेक्षकाला उत्तर मिळून जातं आणि शेवटी येणारा चमचा, म्हणजे या प्रसंगातली एकमेव नवी गोष्ट, शिळा होऊन पोचतो.

मग त्यांनी बाबा उडवले, आईचा क्लोजअप उडवला आणि वेगळा चमचाही उडवला. उरला एकच मध्यम शॉट, मुलाच्या खांद्यावरून घेतलेला. त्यात आईचा चेहरा, हात, चमचा आणि भाताचं ताट एकाच चौकटीत आहे. शरीराने केलेला विनोद तुकड्यांत दाखवला की मरतो. हात थांबलेला आणि चेहरा थांबलेला एकत्र दिसला पाहिजे, कारण गंमत त्या दोघांच्या नात्यात आहे.

आता प्रश्न उरला या शॉटवर कधी यायचं हा. इथे मला या कामातली खरी मराठी अडचण कळली.

इंग्रजीत हसवणारा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवणं सोपं जातं. शब्द पडला की वाक्य संपतं आणि कट मारायला जागा मोकळी होते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. "एक्सपोजर" या शब्दावर हसू फुटायला हवं, पण त्याच्या मागे "देणार आहेत" ही शेपटी आहे. मोजून पाहिली तर १५ फ्रेम भरली. हे चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची आणि शेपटी सहा दशांश सेकंदाची. तेवढा वेळ मुलाच्याच चेहऱ्यावर थांबलं तर हसू तिथेच गळून जातं. विनोद झालाय आणि माणूस अजून व्याकरण पूर्ण करतोय, असं काहीतरी दिसतं.

दिग्दर्शकाने उपाय सुचवला. "ताई, डबिंगला त्याला 'देणार आहेत एक्सपोजर' असं म्हणायला लावू. बोलताना आपण म्हणतोच की तसं."

"म्हणतो, पण कधी? आपल्याला माहीत असतं की हे हास्यास्पद आहे, तेव्हा," ताई म्हणाल्या. "तुझ्या पोराला माहीत नाहीये ते."

हे फार बारीक आणि मला वाटतं अगदी बरोबर होतं. शब्द उलटा केला की मुलगा स्वतःच्या नोकरीची टर उडवतोय असं ऐकू येतं. मग आईने तूप परत ठेवण्यात काय राहिलं? पोरगा निरागस आहे म्हणूनच चमच्याला किंमत आहे.

म्हणून वाक्य तसंच राहिलं आणि चित्र आधी हललं. "एक्सपोजर"चा शेवटचा "र" ऐकू येतो तिथे चित्र आईवर जातं आणि "देणार आहेत" हे शब्द आईच्या चेहऱ्यावर ऐकू येतात. चित्र बदललं, आवाज मागचाच चालू. याला एल कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर आवाजाची पट्टी चित्राच्या पुढे इंग्रजी एलसारखी पसरलेली दिसते. त्या १५ फ्रेम आता फुकट जात नाहीत. तेवढ्यात प्रेक्षकाची नजर नव्या चौकटीत चमचा शोधून काढते. वाक्य संपतं तेव्हा तो चमच्याकडे बघत असतो.

वाक्य संपल्यावर आई किती वेळ स्थिर राहायला हवी? मूळ टेकमध्ये अभिनेत्रीने दोन सेकंद, बरोबर ५० फ्रेम घेतल्या होत्या. सेटवर ते छान वाटलं असणार, कारण सगळे हसू दाबून उभे होते. ताईंनी ५०च्या २५ केल्या, मग १२ केल्या, मग १८. बारावर आईने आधीच ठरवल्यासारखं वाटलं. ऐकून विचार बदलला असं नाही. पंचविसावर ती नाटक करतेय असं वाटलं. अठरावर विचार येताना दिसला. मधल्या फ्रेम काढण्याची गरजच पडली नाही. काढल्या असत्या तर चमच्याच्या टोकाला लोंबणारा तुपाचा थेंब उडी मारताना दिसला असता. पण या शॉटमध्ये मुलाची फक्त पाठ आहे, ओठ दिसत नाहीत आणि त्याचा आवाज दुसऱ्या टेकमधला आहे. त्यामुळे आईचा शॉट तिच्या स्थिरतेत मध्येच, जिथून हवा तिथून सुरू करता येतो.

अठरा हा काही मंत्र नाही. दुसरी अभिनेत्री असती तर बावीस झाले असते. डोळे मिचकावण्याची वेळसुद्धा हिशेबात येते. या टेकमध्ये बाई चमचा हलवण्याआधी एकदा पापणी मिटतात आणि ताईंनी तो क्षण हट्टाने राखला.

रंगमंचावर ही थांबण्याची जागा नट स्वतः ठरवतो. सभागृह हसतं, तो थांबतो आणि हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो. चित्रपटात ते जमत नाही, म्हणून मार्क्स बंधूंनी 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या १९३५च्या चित्रपटातले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगावच्या रंगमंचांवर करून हशा कुठे आणि किती येतो ते तपासलं होतं. लॉरेल आणि हार्डींचे चित्रपटही प्रेक्षकांना आधी दाखवून पुन्हा कापले जात. स्टॅन लॉरेल संकलनाला स्वतः बसत. हार्डी कॅमेऱ्याकडे बघत हताश थांबतो, तो थांबा भरलेल्या थिएटरच्या हशासाठी ठेवलेला असायचा. आज एकटं बसून घरी पाहिलं तर तो कधीकधी लांब वाटतो. सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटते: परीक्षक प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर हसताना दिसतात, हशाला पडद्यावर चेहरा मिळतो. फोनवर बघितल्या जाणाऱ्या स्किटमध्ये सभागृह नाही आणि परीक्षकही नाहीत. तिथे हशासाठी रिकामी जागा सोडली की ती रिकामीच दिसते. म्हणून इथे थांबा कुणाच्यातरी कृतीने भरावा लागतो. चमचा मागे जायला ३० फ्रेम लागतात, हीच हसायची जागा.

बाबांचं शेवटचं वाक्य येण्याआधी त्यांची एक नजर हवी होती. लिहिलेली होती, पण चित्रीकरणात ती जरा जास्तच झाली होती. ताईंनी टेकच्या शेवटी, "कट" म्हटल्यानंतरचा तुकडा शोधला. कुणीतरी दिवा सरकवतंय आणि बाबा झालेले नट कंटाळून एका दिशेला बघतायत. तोच वापरला. दिग्दर्शक कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी रशियात दाखवलं होतं की तोच निर्विकार चेहरा वाडग्यातल्या सुपापुढे भुकेला आणि शवपेटीपुढे दुःखी वाटतो. विनोदी संकलनाची अर्धी कमाई या चोरीवर चालते. नट काही करत नसतो तेव्हा प्रेक्षक त्याच्यासाठी विचार करतो. म्हणूनच अनुभवी दिग्दर्शक कट लवकर म्हणत नाहीत, आणि ऐकणाऱ्या नटांचे मुके चेहरे मिनिटभर वेगळे घेऊन ठेवतात. दोन माणसं एकमेकांच्या वाक्यांवर बोलली असतील तर मात्र काही चालत नाही. आवाज चिकटलेले असतात, कापायला फट राहत नाही.

आवाजाचं काम थोडंच होतं. चमचा भांड्याच्या काठाला लागल्याचा "टण्" हा आवाज चित्रापेक्षा मोठा होता, तो कमी केला. सेटवर पंखा बंद ठेवल्यामुळे त्या अठरा फ्रेममध्ये ठार शांतता होती आणि ती बिघाडासारखी वाटत होती. खोलीतली नुसती शांतता सेटवर वेगळी रेकॉर्ड केलेली असते, ती खाली पसरली. दिग्दर्शकाला इथे "ढँण" हवं होतं. ताईंनी ते लावून दाखवलं, मग काढून दाखवलं. त्याने मान्य केलं. मला हे "ढँण" पहिल्यापासून आवडत नाही. हसू कुठे आणायचं हे प्रेक्षकाला सांगावं लागतं, याचा अर्थ ते तिथे नाही.

आणि तरीही विनोद चालेना. मी, ताई, दिग्दर्शक, तिघांनाही तो पन्नासदा बघून मेलेला वाटत होता, त्यामुळे आमच्या मताला किंमत नव्हती. शिवाय कटच्या तीन सेकंद आधीपासून बघितलं की प्रत्येक थांबा लांबच वाटतो, कारण आपण त्याची वाटच बघत असतो. ताईंनी शेजारच्या ऑफिसातल्या एका मुलाला बोलावलं आणि स्किट पहिल्यापासून लावलं. स्वतः स्क्रीनकडे पाठ करून त्याचा चेहरा बघत बसल्या. "एक्सपोजर"वर तो हसला. चमच्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. तो विचारात पडला होता.

"काय वाढत होती ती?" त्याने विचारलं.

दोष त्या अकरा सेकंदांत नव्हताच. आधी, बाविसाव्या सेकंदाला, आई बाबांच्या भातावर तूप वाढते तो शॉट होता. स्किट पळतं राहावं म्हणून दिग्दर्शकाने तो १४ फ्रेमवर आणला होता. भांडं कसलं, चमच्यात काय, हे प्रेक्षकाला कधी कळलंच नव्हतं. जे वाढलेलं नीट दिसलं नाही ते परत घेतल्याचं कुणाला काय?

ताईंनी तो शॉट ५४ फ्रेम केला. तुपाची धार भातावर पडून पसरेपर्यंत. दिग्दर्शक कुरकुरला की सुरुवात संथ होतेय. पुढच्या वेळी त्याच ऑफिसातली एक मुलगी आली. चमचा भांड्याकडे निघाला आणि ती इतकी मोठ्याने हसली की बाबांचं वरणाचं वाक्य तिला ऐकूच गेलं नाही. ताईंनी बाबांच्या वाक्याआधी ती चोरलेली नजर आणखी ७ फ्रेम ताणली आणि फाइल सेव्ह केली.