प्रदर्शन-परीक्षणाचे अध्यापन : वर्णन, अन्वयार्थ आणि निर्णय

कलेतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रदर्शनाचे परीक्षण लिहावयास सांगितले असता पहिल्या खेपेस जे लेख हाती येतात, त्यांत काही वाक्ये ठरलेली असतात. प्रदर्शन पाहून 'डोळ्यांचे पारणे फिटले', ते 'रसिकांना मेजवानीच ठरले', मांडणी 'नेत्रसुखद' होती, संयोजकांचे परिश्रम 'स्तुत्य' होते. ही वाक्ये खोटी असतातच असे नाही. परंतु त्यांतील प्रदर्शनाचे नाव बदलून दुसरे घातले, तरी ती तितकीच खरी वाटतात. आणि हाच त्यांचा दोष होय. जे वाक्य कोणत्याही प्रदर्शनास लागू पडते, ते या प्रदर्शनाविषयी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्यास प्रथम ही कसोटी द्यावी व आपल्याच लेखातील प्रत्येक वाक्य तिला लावून पाहावयास सांगावे.

पोकळ स्तुतीचे मूळ सौजन्यात असते असा समज आहे. वस्तुतः ते बहुधा अपुऱ्या पाहण्यात असते. पाहिलेले सांगता येत नाही, तेव्हा विशेषण धावून येते. म्हणून अध्यापनाचा आरंभ लेखनापासून न करता टिपणापासून करावा. पहिली फेरी लेखणी खिशात ठेवून करावी. दुसऱ्या फेरीत वहीच्या पानाचे दोन भाग पाडावेत : एकात 'दिसले' ते लिहावे, दुसऱ्यात वस्तूशेजारच्या पाटीने 'सांगितले' ते. या दोहोंची सरमिसळ झाली की पाटीवरील मजकूरच विद्यार्थ्याचे मत म्हणून लेखात उतरतो, आणि आपण उसने बोलत आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

या रीतीचा उपयोग एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ मध्ये 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन भरले. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने सुमारे २०० वस्तू नऊ विभागांत, म्हणजे नऊ 'कथां'त, मांडण्यात आल्या होत्या. भारताचा इतिहास जगाच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा, हे त्यामागील प्रतिपादन होते. एवढ्या वस्तूंची नोंद परीक्षणात घेऊ गेल्यास ते सूचिपत्र बनते. सहाशे शब्दांच्या परीक्षणात दोन, फार तर तीन वस्तू निवडाव्यात. मात्र प्रदर्शनाच्या प्रतिपादनाची परीक्षा ज्यांवर घेता येईल, अशाच त्या असाव्यात.

ब्रिटिश म्युझियममधून आलेली थाळीफेक्याची संगमरवरी मूर्ती घ्यावी. 'मानवी देहसौंदर्याचा परमोच्च आविष्कार' असे तिचे वर्णन करणे सोपे आहे. आता केवळ 'दिसले' या रकान्यात काय येईल? सुमारे १७० सें. मी. उंचीचा नग्न तरुण. उजवा हात थाळीसह मागे व वर गेलेला. कंबरेत वाकलेले शरीर उजव्या पायावर तोललेले. पायाशी झाडाच्या बुंध्याचा आधार. आणि दृष्टी थाळीकडे नसून खाली, जमिनीकडे. शेवटच्या दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. मायरन या ग्रीक शिल्पकाराची इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील मूळ मूर्ती ब्राँझची होती. ब्राँझला बुंध्याची गरज पडत नाही, दगडाला पडते. म्हणजे ही रोमन काळातील प्रतिकृती आहे. ती तिवोली येथे सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात सापडली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जीर्णोद्धार करताना तिचे मस्तक चुकीच्या दिशेने बसविण्यात आले. रोममध्ये सापडलेल्या दुसऱ्या प्रतीत ते मागे, थाळीकडे वळलेले आहे.

येथे वर्णनातून अन्वयार्थ निघतो. समोरची वस्तू 'ग्रीक आदर्श' नसून ग्रीक कल्पना, रोमन हात आणि अठराव्या शतकातील युरोपीय अभिरुची यांचा थर आहे, असे विद्यार्थ्यास आता म्हणता येते. आणि हे म्हणणे वाचकाला मूर्तीकडे पाहून पडताळता येते. अन्वयार्थाची मर्यादाही हीच. ज्या विधानास 'दिसले' या रकान्यातील एकाही नोंदीचा आधार नाही, ते कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी खोडावे.

दुसरी वस्तू रेम्ब्रांटचे एक लहान रेखाचित्र. जपानी कागदावर तपकिरी शाईने काढलेल्या या चित्रात बादशहा जहांगीर एका अधिकाऱ्यास भेट देत आहे. सुमारे १६५६ ते १६६१ या काळात रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रांवरून अशी वीसहून अधिक रेखाचित्रे केली. तो भारतात कधी आला नाही. डच व्यापाराच्या मार्गाने चित्रे त्याच्यापर्यंत पोहोचली. जहांगीराचा दरबार, डच चित्रकार आणि जपानी कागद या एका तुकड्यात एकत्र आले आहेत.

आता निर्णयाची पायरी येते, आणि येथेच विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात. एक तर ते स्तुतीकडे परततात, नाही तर 'काही त्रुटी असल्या तरी एकंदरीत प्रयत्न चांगला' असे तोलूनमापून बोलून सुटका करून घेतात. हा निर्णय नव्हे. त्रुटी कोणती व ती कशामुळे त्रुटी ठरते, हे त्यात नसते. निर्णयाचे माप परीक्षकाच्या आवडीतून न घेता प्रथम प्रदर्शनाच्या स्वतःच्या प्रतिपादनातून घ्यावे. भारत आणि जग यांचा संबंध दाखविणे हे जर उद्दिष्ट, तर संबंध आणि साम्य यांतील भेद विचारावा लागतो. रेखाचित्र संबंध सिद्ध करते : एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी गेली आणि तिथल्या हाताने तिला प्रतिसाद दिला. थाळीफेक्याची मूर्ती भारतीय शिल्पांच्या सान्निध्यात ठेवली असता तुलना घडते, पण तुलनेने संपर्क सिद्ध होत नाही. म्हणून असे लिहिता येईल : 'प्रदर्शनाचा दावा रेखाचित्रापाशी पुराव्याने उभा राहतो, मूर्तीपाशी तो प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविला जातो.' हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही प्रदर्शनास लावता येत नाही.

एखादा विद्यार्थी या निर्णयाशी असहमत होईल. संपर्क नसतानाही दोन संस्कृतींनी देहाचा विचार कसा केला हे शेजारी ठेवून पाहणे हाच जागतिक इतिहास होय, असे तो म्हणेल. त्याचा लेख तितकाच चांगला ठरू शकेल. गुण निष्कर्षाला नसून वर्णनापासून निष्कर्षापर्यंतच्या वाटेला द्यावयाचे असतात. उलट दोषदर्शनही पोकळ असू शकते. 'मांडणी विस्कळीत होती' हे वाक्य 'मांडणी नेत्रसुखद होती' याहून अधिक काही सांगत नाही. दोष दाखविणाऱ्याने कोणती वस्तू कोठे हवी होती व त्याने काय उलगडले असते, हे सांगितले पाहिजे.

या शिस्तीची निकड एका साध्या गोष्टीत आहे. २०१८ मध्ये हे प्रदर्शन मुंबईहून दिल्लीस गेले आणि पुढे वस्तू आपापल्या संग्रहालयांत परतल्या. सूचिपत्रातून कोणत्या वस्तू होत्या ते कळते. त्या एकमेकींशेजारी आल्याने काय सिद्ध झाले व काय झाले नाही, याची साक्ष मात्र त्या वेळी दालनात उभे राहून पाहणाऱ्यांच्या लेखांतच उरते. तेथे 'डोळ्यांचे पारणे फिटले' एवढेच लिहिले असेल, तर पुढील अभ्यासकाच्या हाती त्या प्रदर्शनाचे काहीही येणार नाही.