बिल ८५६ चं, मागणी नऊशेची

दारात भरलेला सिलिंडर उभा असतो, जिना चढून आलेला माणूस घाम पुसत असतो, आणि बिल ८५६ रुपयांचं असलं तरी तो म्हणतो, "काकू, नऊशे द्या." वरचे चव्वेचाळीस कशाचे, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, सुट्टे नाहीत, सगळेच देतात. (दर गावागणिक वेगळा असतो आणि बदलत राहतो, इथला आकडा उदाहरणापुरता.) बहुतेक जण वाद नको म्हणून नोट काढून देतात. काही जण चिडून दार लावतात आणि पुढचा सिलिंडर वेळेवर येईल ना, या धास्तीत राहतात. या दोन्हींपेक्षा बरा मार्ग आहे, पण त्यासाठी बिलातल्या रकमेत काय काय येतं हे आधी माहीत हवं.

घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरची किंमत तेल कंपन्या ठरवतात. एजन्सीला मिळणारं कमिशन त्या किमतीतच असतं. या कमिशनचे दोन भाग आहेत: एक एजन्सी चालवण्याच्या खर्चापोटी, दुसरा सिलिंडर घरपोच करण्यापोटी. घरपोच करण्याचा भाग अलीकडच्या दरानुसार सिलिंडरमागे तीस ते पस्तीस रुपयांच्या दरम्यान आहे. म्हणजे आणून देण्याचे पैसे आपण बिलातच भरलेले असतात. याचा सरळ पुरावाही आहे. ग्राहकाने स्वतः एजन्सीच्या गोदामातून सिलिंडर उचलला, तर घरपोच सेवेची ही रक्कम बिलातून वजा व्हायला हवी. मजल्याचा वेगळा दर नाही. तळमजला असो वा चौथा मजला, एजन्सीच्या घरपोच सेवेच्या हद्दीत दारापर्यंत सिलिंडर पोचवणं हे एजन्सीचं काम आहे. काही ग्रामीण एजन्सींकडून मात्र ग्राहकांना स्वतः सिलिंडर न्यावा लागतो. तिथे घरपोच सेवाच नसल्याने हिशेब वेगळा असतो.

मग सिलिंडर आणणारा मागतो का? कारण बिलातले ते तीस-पस्तीस रुपये एजन्सीच्या खात्यात जातात. त्यातले त्याच्या हातात किती पडतात, हे एजन्सी ठरवते. अनेक ठिकाणी त्याला सिलिंडरमागे ठरावीक रक्कम मिळते, आणि मग ग्राहकाकडून मिळणारे वरचे पैसे हाच त्याच्या कमाईचा भाग धरला जातो. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो आणि तो खांद्यावर घेऊन माणूस दिवसभर जिने चढतो. त्याची मेहनत खरी आहे. पण तिचा मोबदला एजन्सीने द्यायचा आहे. आपण दारात चाळीस रुपये देत राहिलो की एजन्सीवरचा तो भार आपल्यावर येतो आणि तिला कोणी जाब विचारत नाही.

म्हणून प्रतिसादाची सुरुवात सिलिंडर येण्याआधीच करावी. बुकिंगचे पैसे ऑनलाइन भरले, तर सुट्ट्या पैशांचा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर दारात जे काही मागितलं जाईल ते वरचंच, हे दोघांनाही स्पष्ट असतं. रोख देणार असाल तर बिलाइतके सुट्टे काढून ठेवा. बिल निघालं की मोबाइलवर चार अंकी कोड येतो. सिलिंडर मिळाल्याची खूण म्हणून तो आणणाऱ्याला सांगायचा असतो. इथे घाई करू नये. एकदा कोड दिला की कागदोपत्री सिलिंडर पोचलेला असतो. म्हणून सिलिंडर हातात आला, तपासून झाला आणि पावती मिळाली, की मग कोड सांगावा. फोनवर आधीच कोड मागितला तर "दारात आल्यावर देते" एवढंच म्हणावं.

तपासणं म्हणजे मुख्यतः वजन आणि गळती. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. समजा ते १५.८ किलो आहे, तर त्यात १४.२ मिळवून काटा ३० किलो दाखवायला हवा. थोड्या ग्रॅमचा फरक चालतो, एक-दोन किलोचा नाही. आणणाऱ्याजवळ वजनकाटा असणं अपेक्षित आहे आणि ग्राहकाने मागितल्यावर वजन करून दाखवणं हे त्याचं काम आहे. सील शाबूत आहे का, तोंडाशी गॅसचा वास येतो का, हेही तिथेच पाहावं. वरचे पैसे मुकाट्याने देण्यात खरा तोटा इथे होतो. पैसे घेऊन माणूस घाईने निघतो आणि तपासणी राहून जाते. एक किलो गॅस कमी निघाला, तर चव्वेचाळीस रुपयांपेक्षा जास्त नुकसान होतं.

दारातलं बोलणं लांबवायची गरज नसते. "दादा, पावतीवर आहे तेवढे देते. जरा वजन करून दाखवा," असं शांतपणे म्हणावं आणि मोजून पैसे हातात द्यावेत. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपतं. तो अडून बसला तर त्याच्याशी वाद न घालता त्याच्यासमोरच एजन्सीला फोन लावावा. सिलिंडर परत नेण्याची भाषा झाली तर कोड देऊ नये, आणि बुकिंग क्रमांक, तारीख, वेळ, मागितलेली रक्कम लिहून ठेवावी. नंतर "ग्राहक घरी नव्हता" असा शेरा पडला, तर हेच टिपण कामाला येतं.

तक्रार आधी एजन्सीकडे लेखी द्यावी. त्यात ग्राहक क्रमांक आणि पावती क्रमांक असावा. तिथे दाद लागली नाही तर तेल कंपन्यांचा १८००-२३३३-५५५ हा टोल फ्री क्रमांक आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९०६ हा क्रमांक मात्र गॅस गळतीसाठी आहे, पैशाच्या तक्रारीसाठी तो अडवू नये. तक्रारीत माणसाचं नाव घेण्यापेक्षा एजन्सीचं नाव घ्यावं, कारण जबाबदारी तिची आहे. वारंवार हेच होत असेल तर त्याच कंपनीच्या परिसरातल्या दुसऱ्या एजन्सीकडे कनेक्शन बदलून घेता येतं.

पुढच्या वेळी उशीर करेल ही भीती एकट्या ग्राहकाला असते. इमारतीत एक घर पन्नास देतं, दुसरं तीस, आणि तिसऱ्याने नाही म्हटलं की तो वाईट ठरतो. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढून बिलाइतकेच पैसे द्यायचे ठरवलं आणि सर्वांच्या सहीचं एक पत्र एजन्सीला दिलं, तर कोणा एकट्यावर राग निघत नाही.

आता राहिली बक्षिसी. एकट्या राहणाऱ्या आजींच्या स्वयंपाकघरात टाकी नेऊन ठेवणारा, रेग्युलेटर नीट बसवून देणारा, भर पावसात आलेला माणूस असतो. त्याला वीस रुपये, कपभर चहा, दिवाळीत पोस्त जरूर द्यावी. फक्त ती बिल चुकतं झाल्यावर, न मागता आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीने द्यावी. पैसे दिले नाहीत म्हणून सिलिंडर अडणार असेल, तर ती बक्षिसी नाही. आणि सोसायटीचं पत्र एजन्सीला जाणारच असेल, तर त्यात एक ओळ आणखी घालावी: घरपोच सेवेपोटी बिलात आम्ही जे भरतो, त्यातून सिलिंडर आणणाऱ्याला पुरेसा मोबदला द्या. ही मागणी त्यालाही उघडपणे करता येत नाही, आपल्याला करता येते.