सगळ्या फांद्यांचा एकच शेवट

अंजनगाव, अकोट, अचलपूर, दर्यापूर ही चार नावे युनिकोडच्या क्रमाने रेड-ब्लॅक ट्रीत ठेवली आहेत असे समजा. अकोट मुळाशी, डावीकडे अंजनगाव, उजवीकडे दर्यापूर. हे तिघेही काळे. दर्यापूरच्या डाव्या हाताला अचलपूर, तो लाल. लालच्या खाली लाल नको आणि मुळापासून टोकापर्यंत कुठल्याही वाटेने गेले तरी काळे नोड सारखेच भरायला हवेत, हे या रचनेचे दोन मुख्य नियम. रुडॉल्फ बायरने १९७२ मध्ये तिची पूर्वज मांडली आणि गिबास व सेजविक यांनी १९७८ मध्ये तिला लाल-काळे रूप दिले. हा इतिहास कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. त्या पुस्तकांत ज्याच्यावरून नजर सहज पुढे सरकते, तो या झाडाचा रिकामा नोड मला जास्त मोलाचा वाटतो.

चार नावांच्या झाडाला पाच रिकामी टोके असतात. ती `NULL` ठेवली, तर प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे लागते की इथे नोड आहे का, आणि मगच त्याचा रंग पाहता येतो. कॉर्मेन, लायझरसन, रिव्हेस्ट आणि स्टाइन यांच्या पाठ्यपुस्तकातली रीत वेगळी आहे: पाचही टोके एकाच खऱ्या, काळ्या नोडकडे वळवायची. तो `T.nil`, म्हणजे सेंटिनेल. मुळाचा पालकही तोच. त्यामुळे नवा नोड घातल्यावर दुरुस्तीची फेरी ‘पालक लाल आहे तोवर’ एवढ्या एका अटीवर चालते. मुळाशी पोचल्यावर पालक आपोआप काळा निघतो आणि फेरी थांबते.

खरा फायदा मात्र नोड काढताना होतो. अंजनगाव काढा. तो काळा होता, म्हणून डाव्या वाटेवर एक काळा कमी पडला. ही तूट भरायला त्या जागेवरून सुरुवात करावी लागते, पण तिथे तर आता काहीच नाही. जागा `NULL` असेल, तर तिचा पालक कोण हे विचारायची सोय उरत नाही. सेंटिनेल असेल तर जागा बदलणारे फंक्शन कुठलीही अट न घालता `T.nil.p` मध्ये अकोट लिहून ठेवते, आणि दुरुस्तीला उभे राहायला जागा मिळते. पोस्टग्रेसच्या `rbtree.c` मध्ये नेमके हेच आहे: `x->parent = y->parent`, मग `x` रिकामा असो वा नसो.

आता भावंड दर्यापूर काळे आहे, त्याचे डावे मूल अचलपूर लाल आणि उजवे रिकामे. नियम असा, की अचलपूर काळा करायचा, दर्यापूर लाल करायचा आणि दर्यापूरभोवती उजवे रोटेशन घ्यायचे. अचलपूर वर येतो, त्याची उजवी रिकामी बाजू दर्यापूरच्या डावीकडे जाते. इथे हा तुकडा लागतो. त्यात `w` म्हणजे दर्यापूर आणि `y` म्हणजे अचलपूर; काढलेल्या जागेवरचा `T.nil` हा `x`:

```
w.left = y.right
if y.right != T.nil:
    y.right.p = w
```

सेंटिनेल असताना ही अट कशाला, `T.nil` मध्येही लिहिता येतेच की, असा आक्षेप सुचणे स्वाभाविक आहे, आणि नेमका तिथेच घात होतो. अट काढली तर `T.nil.p` अकोटऐवजी दर्यापूर होतो. पुढच्याच ओळीत भावंड नव्याने शोधले जाते, `w = x.p.right`, आणि आता ते दर्यापूरचे उजवे मूल, म्हणजे स्वतः `T.nil` निघते. त्यानंतरची पायरी भावंडाला पालकाचा रंग देते. दर्यापूर नुकताच लाल झालेला आहे, म्हणून सेंटिनेलच लाल होतो. झाडाची सगळी टोके एका क्षणात लाल! अट जागेवर असली तर भावंड अचलपूर सापडते, अकोटभोवती एक डावे रोटेशन होते, आणि शेवटी अचलपूर मुळाशी, अकोट व दर्यापूर दोन्ही बाजूंना, तिघेही काळे, असे झाड उरते. म्हणून सेंटिनेल सगळ्या अटी घालवतो असे म्हणणे बरोबर नाही. रोटेशनमधली ही अट त्याच्यामुळेच जास्त महत्त्वाची होते, कारण `T.nil.p` हे एका काढणीपुरते टिपून ठेवलेले मूल्य आहे आणि मध्येच ते कोणी पुसता कामा नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लिनक्सच्या कर्नलमधल्या झाडात सेंटिनेल नाही. तिथे दुरुस्तीच्या फंक्शनला पालक थेट हाती दिला जातो, आणि रंग पालकाच्या पत्त्याच्या खालच्या बिटमध्ये साठवतात. जावाच्या `TreeMap` मध्ये `colorOf` नावाचे छोटे फंक्शन `null` ला काळा ठरवते. बिनमुलाचा नोड काढताना आधी तोच दुरुस्तीसाठी वापरतात आणि मग तोडतात. म्हणजे सेंटिनेलशिवायही काम भागते. मला तरी पहिल्यांदा लिहिणाऱ्याने सेंटिनेलचीच वाट धरावी असे वाटते, कारण विशेष प्रकरणे कमी म्हणजे चुकायच्या जागाही कमी. पण कर्नलची निवडही मला पटते. अनेक झाडांत मिळून एकच सेंटिनेल ठेवला आणि दोन थ्रेडनी दोन वेगळ्या झाडांतून एकाच वेळी नोड काढला, तर दोघेही त्याच `T.nil.p` मध्ये लिहितात. झाडे वेगळी, प्रत्येकाचे कुलूपही वेगळे, तरी बिघाड होतोच. पोस्टग्रेसमध्ये एकच स्थिर सेंटिनेल चालतो, कारण तिथे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस मिळते. थ्रेड वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक झाडाला स्वतःचा सेंटिनेल द्यावा लागतो, आणि चाचणीत प्रत्येक काढणीनंतर `T.nil` अजून काळाच आहे ना, हे तपासावे लागते.